खाती कुठं? नुसती धरती!

डाव्या तळहातावर उजव्या हाताची बोटं टप्प टप्प आपटली, की माझ्या पिठाच्या गिरणीत बसलेली माणसं एकापाठोपाठ एक शिंकायची. आज्जींनी तंबाखूतली भुकटी झटकली, एवढाच त्याचा अर्थ. मग चिमूट खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, दात आणि गालाच्या मधल्या खाचेत जायची. कुणी म्हणालं, "आज्जी, किती खाताय?" की उत्तर ठरलेलं.

"खाती कुठं? नुसती धरती!"

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलणार? रहिमतपुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, आणि हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात खोटं काहीच नव्हतं. आज्जी तंबाखू चावत नव्हत्या, गिळत नव्हत्या. धरत होत्या. कालची चिमूट जिथं होती तिथंच आजची, वर्षानुवर्षं.

सवय लागली ती उसाच्या भांगलणीत, तण काढताना. डोक्यावर ऊन, पोटात सकाळची अर्धी भाकरी, आणि शेजारची बाई म्हणाली, "धर, भूक मरती." भूक मेली ती मेलीच. पुढं घरात दाणे आले, पोरगा मिलिटरीत गेला, उसाचं बिल वेळेवर यायला लागलं, तरी चिमूट चालूच.

तसे आज्जींना तंबाखू सोडायला लावणारे कमी नव्हते. एकदा शाळेच्या पटांगणात व्यसनमुक्तीचं व्याख्यान झालं. वक्ते स्टेजवर चढण्याआधी आमच्या भिंतीच्या आडोशाला उभे राहून तंबाखू मळत होते आणि चुना संपला म्हणून कासावीस झाले होते. आज्जींनी आपली डबी पुढं केली. वक्त्यांनी बार भरला, मग थुंकला, मग तासभर तंबाखूच्या नावानं असं काही भाषण ठोकलं की आज्जींना रडू आलं. घरी येताना मला म्हणाल्या, "गिरणीवाल्या, लय ग्वाड बोलला. माझ्या चुन्याला गुण हाय."

पोरगा हवालदार होऊन पेन्शनीवर आला, तेव्हा त्यानं हुकूमच काढला. आईच्या कमरेची तंबाखूची चंची चुलीत घातली आणि मिशीला पीळ देत गिरणीत येऊन सांगितलं, "आजपास्नं बंद! एकदम बंद!" त्याचा चहा संपायच्या आत आज्जी तीन घरं फिरून नवी चंची, नवी पुडी, नवी डबी आणि वर सहानुभूती घेऊन आल्या. हुकुमानं फौज चालते, आई चालत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नात मात्र वेगळ्या मातीची. अंकिता सांगलीत एका दुकानात हिशेबाचं काम करायची आणि सुट्टीला घरी यायची. एका सुट्टीत तिनं पाहिलं, आज्जींनी ठेचा बाजूला सारला. ज्या बाईनं सगळ्या आळीला ठेच्यानं रडवलं, ती म्हणत होती, "लय तिखाट झालाय गं. झोंबतंय."

अंकितानं मोबाईलची बॅटरी लावली आणि आज्जीचा खालचा ओठ हळूच ओढला. नेमकी चिमूट धरायची तिथं पांढरा, सुरकुतलेला चट्टा. ओल्या फडक्यानं पुसून बघितला. निघेना.

सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हा आज कॅन्सर दिसत नाही, पण पुढं होऊ शकतो. तंबाखू पूर्ण बंद करा. काही आठवड्यांनी परत या. चट्टा गेला तर उत्तम, नाहीतर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवू."

"माझ्या तोंडाचा तुकडा?" आज्जी एसटीत वाटभर हेच विचारत होत्या.

आमच्या गिरणीच्या कट्ट्यावर लगेच पैजा लागल्या. पैजा लावणाऱ्यांच्या गालात अर्थातच बार होते. म्हातारी सोडेल असं म्हणणारा एकही निघाला नाही.

अंकितानं महिनाभराची रजा काढली. चंचीला हात लावला नाही, शपथ घातली नाही, रडली नाही. नुसती आज्जीच्या मागं मागं फिरली आणि बघितलं, हात कमरेकडे कधी जातो. चहानंतर, जेवणानंतर, परसाकडे जाण्याआधी, आणि गिरणीत बसल्यावर.

"आज्जी, खा की. पर थोडा दम खाऊन खा. आदी घोटभर पानी पी, दारातल्या तुळशीला येक फेरी मार, मग खा."

"आनि तवर तलफीनं जीव गेला म्हंजे?"

"गेला तर मला सांग."

आता तलफेची गंमत अशी, की ती पाहुण्यासारखी असते. लगेच चहा टाकला नाही तर थोडा वेळ चुळबुळ करते आणि उठून जाते. आज्जी फेरी मारून यायच्या तोवर निम्म्या वेळा ती गेलेली असायची. जेवणानंतर अंकिता भाजलेली बडीशेप आणि ओवा हातावर द्यायची. परसाकडे जाण्याआधी गरम पाणी. गिरणीत आल्या की पुढ्यात निवडायला ज्वारीचं सूप, म्हणजे हाताला काम. असं करत करत चिमटी कमी झाल्या, आणि गावची यात्रा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आज्जींनी स्वतः चंची उकिरड्यात टाकली.

पुढचे काही दिवस आळीनं भोगले. आज्जींचं डोकं दुखायचं, झोप उडाली, पोट साफ होईना. मला म्हणाल्या, "तुझ्या पिठात खडं असत्यात, तुझ्या बाच्याबी पिठात हुतं." हवालदाराला सगळ्यांदेखत नेभळट म्हणाल्या. मग एकाएकी शांत झाल्या. भूक वाढली, बोलणं गोड झालं. दिवसातून चार चार वेळा दात घासायला लागल्या. मी कट्ट्यावरच्या लोकांना म्हणालो, "शिका काहीतरी! या वयात केवढी ती स्वच्छता!"

ठरल्याप्रमाणे दोघी सांगलीला गेल्या. चट्टा होता तसाच. तसूभर हलला नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "आज्जी, चोरून चाललंय का?"

आज्जींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिच्या गळ्याशपथ, तंबाखूला हात लावला न्हाई."

गावात बातमी पोचली आणि कट्टा खूश झाला. हवालदार म्हणाला, "म्हातारी लबाड हाय. मी आईला वळखून हाय." एकट्या अंकितानं आज्जींवर विश्वास ठेवला. त्या दिवशी तिला सगळे बावळट म्हणाले, मीही त्यात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागून खमंग, डोक्यात जाणारा वास आला. आज्जी तव्यावर काळं पान भाजत होत्या. तो वास आमच्या आळीला नवा नाही. प्रत्येक घरात तो सकाळचा वास आहे. अंकिता त्या वासातच वाढली. पण त्या दिवशी ती तव्यापाशी बसली.

"आज्जी, काय भाजतीस?"

"मिश्री गं. दात घासायला."

"मिश्री कशाची असती?"

"कशाची म्हंजे? तंबाखूची."

अंकितानं तव्याकडं बोट केलं. भिंतीपलीकडून मी ऐकत होतो.

"आगं, पर ती भाजल्याली!" आज्जी घाईनं म्हणाल्या. "भाजली की इख जळून जातंय. ही काय खायाची न्हवं. दाताची हाय."

"घासून लगीच चूळ भरतीस?"

आज्जींनी काळं बोट पदराला पुसलं. चूळ कोण भरतं? बोटानं हिरड्यांना लावायची, पायरीवर बसायचं, अर्धा तास गप्पा मारायच्या. चिमूट सुटल्यापासून तर ती अर्ध्या तासाची मिश्री दिवसातून चार वेळा चालली होती. त्यात जळून काही जात नव्हतं. अंगाला पाहिजे ते सगळं हिरड्यांतून मिळत होतं, म्हणूनच तर बाई एकाएकी शांत झाल्या होत्या. आणि मी त्याला स्वच्छता म्हणून टाळ्या वाजवत होतो.

हसू नका. आमच्या भागातल्या कुठल्याही घरात विचारा, "तंबाखू खाता का?" बाई कानाला हात लावून "छे!" म्हणेल, आणि तिचे दात काळे असतील. डॉक्टर तंबाखू विचारतात, मिश्री विचारत नाहीत. विचारली तर आम्ही म्हणू, दात घासतो.

आज्जींच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे मी तुझी खोटी शपथ घेतली गं."

"न्हाई घेतली. तुला ठावं कुठं हुतं? मलाबी न्हवतं." अंकितानं तवा खाली उतरवला. "आता ही सोडू. दोगी मिळून."

खरी लढाई ती होती. चंची कमरेवरची, सोडली की सुटली; मिश्री सकाळचीच, तोंड धुण्याचीच. तिच्याशिवाय दिवस उजाडतो कसा, हे आज्जींना ठाऊकच नव्हतं. रजा संपली, अंकिता सांगलीला गेली. पण रोज सकाळी आज्जींच्या फोनवर तिचा चेहरा यायचा, आणि दोघी एकदम ब्रश तोंडात घालायच्या. आज्जींचा ब्रश लहान पोरांचा, गुलाबी. पायरीवर बसून, फेसाळ तोंडानं फोनशी भांडणारी म्हातारी बघायला आळीतल्या बाया जमायच्या आणि तोंडावर पदर धरून हसायच्या. पदराआड मिश्री असायची.

"हसा गं भवान्यांनो," आज्जी फेस उडवत ओरडायच्या, "तुमच्याबी वटात बघाया येती बॅटरी घिऊन!"

पुढच्या खेपेला चट्टा विरळ झाला होता. डॉक्टरांनी तरी तुकडा काढलाच. तपासणीत वाईट काही निघालं नाही. त्या दिवशी आज्जींनी ठेचा कुटला, सगळ्या आळीला वाटला, आणि मला इतका आनंद झाला की मी तो पाणी न पिता खाल्ला.

त्या गेल्या त्यानंतर काही वर्षांनी, थंडीतल्या तापानं, झोपेत. तोंड अखेरपर्यंत स्वच्छ होतं, आणि तिखटही.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. पिंड मांडले, नैवेद्य ठेवला. कावळे झाडावर बसले होते, पण खाली एकही येईना. ऊन चढलं. माणसं कुजबुजायला लागली, आणि मग कुणीतरी बोललंच, "म्हातारीचा जीव तंबाखूत असंल." सगळ्यांना पटलं. आणि ज्यानं आईची चंची चुलीत घातली होती, तो हवालदार स्वतः मोटारसायकलवर जाऊन पुडी घेऊन आला आणि पानावर चिमूटभर ठेवली.

अंकिता पुढं झाली. तिनं ती चिमूट उचलली आणि नदीत सोडली.

"अगं, आत्मा आडकंल तिचा!" भावकीतले म्हातारे ओरडले.

"आडकू द्या," ती म्हणाली. रडत होती, पण आवाज हलला नाही. "माज्या डोक्यावर हात ठिवून सोडल्याली हाय तिनं. मेल्यावर तुमी तिला परत लावताय व्हय?"

कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. परत येताना एकाचाही हात खिशातल्या पुडीकडे गेला नाही. गावाच्या कमानीपर्यंत तरी नाही.