अकरा रिळांचं प्रमाणपत्र

अमरावतीच्या त्या कॉलेजात मला जी खोली मिळाली, तिला खिडकी नव्हती. पूर्वी तिथं खेळाचं सामान ठेवत. भिंतीवर हॉकीच्या काठ्यांच्या खुंट्या तशाच होत्या, एक जुना कॉम्प्युटर होता आणि टेबलावर रीळ वाजवायचं मशीन. मी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली. बार्शीटाकळीहून अकोल्याला आणि अकोल्याहून अमरावतीला रोज ये-जा करायची. अकोल्यातली कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यापासून मोठा भाऊ घरीच होता. पगार माझा एकटीचाच येत होता, त्यामुळे नोकरी आवडते की नाही हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही.

काम असं होतं. कॉलेजातल्या एका जुन्या प्राध्यापकांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावोगाव फिरून वऱ्हाडी बोली टेप केली होती. तेल्हारा, चांदूर बाजार, बार्शीटाकळी, अशा ठिकाणच्या म्हाताऱ्या माणसांना ते शब्द विचारत. या नांगराच्या भागाले काय म्हणता, हा कापूस कोणता, पोरीच्या नणदेले काय म्हणता. बेचाळीस रिळं. प्राध्यापक वारले होते आणि त्यांच्या पत्नीनं, सगळे त्यांना काकू म्हणत, ती रिळं कॉलेजला सोपवली होती. ती मी कॉम्प्युटरवर उतरवायची. त्या वर्षांत बाहेरची माणसं वऱ्हाडात यायची ती एकाच कारणानं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्यांची यादी आणि कॅमेरे बरोबर असायचे. कपाशीच्या सात जुन्या जातींची नावं हसत हसत सांगणारा म्हातारा कुणाला नको होता. मला मात्र तो हेडफोनमध्ये रोज भेटायचा.

रिळांची अवस्था वाईट होती. वाजवलं की तपकिरी भुकटी मशीनच्या हेडवर बसायची. दुसरं रीळ मी चुकून दोनदा वाजवलं, तर दुसऱ्या वेळी आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा झाला. म्हणजे एकदाच वाजवायचं, तेव्हाच कॉम्प्युटरवर घ्यायचं. त्याची वेव्ह फाइल तासाला तीनशे एमबीच्या वर जायची. हार्डडिस्क वीस जीबीची, त्यात ऑफिसचंही सामान. म्हणून वेव्हचं फ्लॅक करायचं. फ्लॅकमध्ये आवाज दाबून लहान होतो, पण त्यातलं काही टाकलं जात नाही. उलगडला की मूळचा आवाज जसाच्या तसा परत येतो. मग मूळ वेव्ह पुसायची आणि पुढच्या रिळाला जागा करायची.

फ्लॅकला शून्यापासून आठपर्यंत पातळ्या असतात. विभागप्रमुख सरांनी या कामाच्या प्रस्तावात ‘सर्वोच्च दर्जा’ असं लिहिलं होतं, म्हणून त्यांना आठच हवी होती. मी एक रीळ नेहमीची पाच आणि आठ अशा दोन्ही पातळ्यांवर करून त्यांना दाखवलं. पाचवर एकशे एकसष्ट एमबी, आठवर एकशे साठ. पाचला तीनेक मिनिटं, आठला बारा. आवाज दोन्हीकडे तोच, कारण पातळी वाढली की कॉम्प्युटर जास्त शोधाशोध करतो एवढंच, दर्जाचा तिच्याशी संबंध नाही.

“दर्जा तोच हाय तर आठ कावून नको?” सर म्हणाले.

मी सांगितलं की लोडशेडिंग आहे, बॅटरी सात-आठ मिनिटं टिकते, लाइट गेली की आठवरची फाइल अर्धी राहते. ते म्हणाले, वेळ पाहून करत जा. लाइटची वेळ कोणाला माहीत होती.

तर मी आठवर करत राहिले. लाइट मध्येच गेली की अर्धवट फाइल पुसून पुन्हा सुरुवात. प्रत्येक फाइल झाली की फ्लॅकचीच तपासणी चालवायची. आवाज वाचताना फ्लॅक त्याचा एक ठसा काढून फाइलमध्ये ठेवतं, आणि तपासणीत फाइल उलगडून तो ठसा पुन्हा जुळवतं. जुळला की ‘ओके’ येतं. अकरा रिळांना ओके आलं. अकराही वेव्ह मी पुसल्या आणि त्या जागेवर पुढची रिळं घेतली.

बाराव्या रिळाच्या वेळी सरांनी मला प्रमाणपत्राचा मसुदा दिला. त्यात लिहिलं होतं, सर्व ध्वनिमुद्रणं मूळ फाइलशी बिट-न्-बिट जुळवून पाहिली आहेत. खाली सही माझी. ते वाक्य वाचून मला वाटलं, मी मूळ फाइलशी असं काही जुळवलेलं नाही. फ्लॅकचं ओके पाहिलं, एवढंच. म्हणून बाराव्याचं फ्लॅक उलगडून नवी वेव्ह केली आणि मूळ वेव्हशी ताडली. जुळली नाही. तेराव्याचंही तेच.

दोन दिवस मी त्याच दोन रिळांच्या फाइली पुन्हा पुन्हा ताडत राहिले. मग नीट पाहिलं तर दोन्ही फाइलींच्या आकारात फक्त काही डझन बाइट्सचा फरक होता, आणि प्रत्येक वेळी तसाच. मी आवाज घ्यायचे त्या प्रोग्रॅमनं वेव्हमध्ये रिळाचं नाव आणि नोंद लिहिली होती. फ्लॅकनं आवाज तेवढा घेतला, ती नोंद सोडून दिली. मग एक असा प्रोग्रॅम मिळवला जो नोंदी सोडून फक्त आवाजाचे नमुने, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा मोजलेले आकडे, एकेक करून ताडतो. बारावं जुळलं. तेरावं जुळलं. मी त्या बिनखिडकीच्या खोलीत खुर्चीवर मागं टेकून बसले.

चौदावं जुळलं नाही.

एकच नमुना वेगळा होता, अकरा मिनिटं सात सेकंदांवर. तासाभराच्या आवाजात कोट्यवधी नमुने, त्यातला एक. पण त्या फ्लॅकचं ओके मी आदल्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पुन्हा चालवल्यावरही ओकेच आलं. वेव्ह ऐकली तर त्या जागी म्हातारा सलग बोलत होता. फ्लॅक ऐकलं तर टिक् असा बारीक आवाज.

अकोल्यात स्टेशनजवळ एक चाचा कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग हे. त्यांच्याकडून मी कोर्सनंतर काही दिवस शिकले होते. घरी जाताना मी त्या नमुन्याचे वेव्हमधला आणि फ्लॅकमधला असे दोन आकडे कागदावर लिहून नेले. चाचांनी एकातून दुसरा वजा केला. सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी, म्हणजे बरोबर दोनचा चौदावा घात.

“ये तो पूरा एक बिट है, बेटा,” ते म्हणाले. “आवाज की खराबी ऐसी नहीं होती. रॅम देख.”

त्यांनी रॅम तपासायची सीडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी लावली आणि दुपारपर्यंत पडद्यावर लाल ओळी आल्या. रॅमच्या एका पट्टीत एक जागा कधी कधी खोटं सांगत होती. वेव्ह वाचून रॅममध्ये ठेवतानाच एक बिट उलटला, फ्लॅकनं तो उलटलेला आवाज खरा धरला, त्याचाच ठसा काढला आणि त्याच ठशाशी जुळवून ओके दिलं. रात्री लाइट जाऊन मशीन बंद झालं होतं, रॅममधलं सगळं गेलं होतं, म्हणून सकाळी वेव्ह डिस्कवरून नव्यानं वाचली गेली आणि फरक दिसला.

चौदाव्याचं काही नव्हतं, त्याची वेव्ह माझ्याजवळ होती. पट्टी बदलली, पुन्हा केलं, जुळलं. पण पहिल्या अकरांचं काय झालं हे आता कधीच कळणार नव्हतं. त्यांच्या वेव्ह पुसलेल्या, त्या जागेवर दुसऱ्या वेव्ह बसलेल्या, रिळांची भुकटी झालेली. अकराही कदाचित अगदी बरोबर असतील. कदाचित एकात एक टिक् असेल. आणि जुन्या टेपवर टिक् असतेच.

मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मले सांग, ऐकू येऊन राहिलं ना?”

मी म्हटलं, येतं.

“मग झालं. अशानं लोक म्हणतील, पोरीले काम येत नाही. तुलेच तरास.”

अकरा रिळांपुढे ‘मूळ फाइलशी जुळवता आलं नाही’ असं लिहू द्या, मी म्हणाले. प्रमाणपत्रात असं लिहीत नाहीत, ते म्हणाले. सही केली नाही तर माझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद पुढे जाणार नव्हता. हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, कागद टेबलाच्या खणात ठेवला. घरी भावानं विचारलं, काम पक्कं झालं का. होईल, म्हणाले मी. उरलेली रिळं मी पाचवर केली, सरांना न विचारता. प्रत्येक फ्लॅक मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर वेव्हशी ताडलं. बारावं ते चौदावंही तसंच पुन्हा ताडलं. एकतीसच्या एकतीस जुळली. त्यानंतर मला काही काम उरलं नाही. तरी रोज दोन गाड्या बदलून यायचं, हजेरी लावायची आणि त्या खोलीत बसायचं. दार उघडं ठेवलं तर समोर जिन्याची भिंत. महिना-सव्वा महिना मी ती भिंत पाहिली.

मग काकू रिळांच्या आवाजाच्या सीडी न्यायला आल्या. सर त्यांच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात मी त्यांना सांगितलं. त्यांना बिट वगैरे कळलं नाही, पण अकरा रिळांची खात्री देता येत नाही हे कळलं.

“त्यात यांचा आवाज हाय ना? इचारतानाचा?” त्यांनी विचारलं.

मी सातव्या रिळाची फाइल लावली. प्राध्यापक आमच्या बार्शीटाकळीच्या वस्तीतल्या एका सुइणीला विचारत होते की पोर पालथं पडतं तेव्हा काय म्हणता. ती म्हणाली, येवढं शिकले अन् हे नाई माईत? दोघं हसले. हसण्याच्या मध्ये टिक् झाली.

काकूंनी हेडफोन काढला. “हे टेपवरचं हाय का तुमच्या मशीनीचं?”

“मले नाई माईत,” मी म्हणाले. “आता कोनालेच नाई समजनार.”

त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “मंग तेच लिहून दे. यायलेही काही नाही समजलं की वहीत तसंच लिहीत.”

सर चहा घेऊन आले तेव्हा मी चिठ्ठी लिहीत होते. अकरा रिळांचे नंबर, रॅमची गोष्ट, मूळ वेव्ह कधी पुसली ते, आणि खाली माझी सही. काकूंनी ती घडी करून सीडीच्या डब्यात ठेवली आणि सरांना म्हणाल्या, चहात साखर कमी घालायला सांगा. नंतर सरांकडून मला दुसरा मसुदा मिळाला, त्यात फक्त एकतीस नंबर होते. त्यावर मी सही केली. अकरांच्या प्रमाणपत्रावर कोणी सही केली, की ते झालंच नाही, मला माहीत नाही.

मुदतवाढ झाली नाही. चाचांनी मला दुकानात बसवलं, पुढं दोन वर्षं मी तिथंच होते. पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर आला. मी त्याची तक्रार नीट न ऐकताच आधी रॅम काढून तपासायला घेतली. त्या माणसाचा फक्त माउस बिघडला होता.