मादाम आम्हाला सोडून गेल्या

ऑफिसात सगळे त्यांना मादाम म्हणायचे. मादामनी मात्र मनातल्या मनात प्रत्येकाला वेगळं नाव ठेवलं होतं. मालक म्हणजे ढोल: आवाज मोठा, आत पोकळ. हिशेबनीस म्हणजे शेपूट, कारण ते मालकाच्या मागेमागे हलायचं. मालकाचा भाचा नोकरीला लागला तेव्हा त्याला नाव ठेवायची तसदीही त्यांनी घेतली नाही. वस्तूला म्हणावं तसं नुसतं ‘ते’ म्हणायच्या.

कंपनी ट्रक उभे राहतील एवढे मोठे वजनकाटे बनवायची. त्यातले बरेच काटे फ्रेंच बोलणाऱ्या मुलखांत जायचे. तिकडची पत्रं, दरपत्रकं, तक्रारी, फोन, सगळं मादामकडे. कॉलेजात फ्रेंचमध्ये पहिल्या आल्या होत्या, आणि ते अजून उतरलं नव्हतं. गिऱ्हाइकाने पत्रात स्त्रीलिंगाचं पुल्लिंग केलं, तर उत्तरात तोच शब्द बरोबर लिहून त्या खाली हलकीशी रेघ मारायच्या. “माणूस शहाणा असेल तर समजेल,” असं म्हणायच्या. आपल्यावाचून कंपनीचं पान हलत नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

म्हणूनच परदेशी विभागाचं प्रमुखपद भाच्याला मिळालं, त्याच दिवशी त्यांनी राजीनामा टाकला. मालक दोनदा “बाई, विचार करा” म्हणाला आणि मग विचार करायचा थांबला.

जाण्याआधी गिऱ्हाइकांना कळवायचं पत्र मादामनी स्वतः तयार केलं. खाली सही मालकाची. मादाम स्वेच्छेने पद सोडत आहेत, अमुक तारखेपासून आपलं काम त्यांचे उत्तराधिकारी पाहतील, त्यांचं नाव, हुद्दा, फोन. हातातल्या ऑर्डरींमध्ये काही बदल नाही. आणि पहिल्या आठवड्यात भाचा प्रत्येकाला फोन करील, तेव्हा मादामही लाइनवर असतील. गिऱ्हाइकाला हात सुटल्यासारखं वाटायच्या आत दुसरा हात हातात यायला हवा, एवढंच त्या पत्राचं काम.

भाच्याने ते वाचलं आणि नाक मुरडलं.

“फार जुनाट वाटतं, मॅडम. यात एनर्जी नाही.”

“पत्र आहे ते. व्यायामशाळा नाही.”

“मी लिहितो ना माझ्या पद्धतीने. फ्रेंचचा सहा महिन्यांचा कोर्स केलाय मी. तुम्ही कशाला फोनवर थांबताय?”

मादामनी पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि निघाल्या. जिना उतरताना त्यांना सणसणीत समाधान वाटत होतं. बुडू देत.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, घरचा फोन वाजला. धाकटी बहीण ओट्याशी होती, म्हणून मादामनीच उचलला. पलीकडे पिठाच्या गिरणीचा म्हातारा मालक होता. मादामचं सगळ्यात नावडतं गिऱ्हाईक. त्याची घरची भाषा वेगळीच, फ्रेंच ही त्याची कागदांपुरती भाषा, आणि ती तो अशी बोलायचा की मादामचे दात शिवशिवायचे.

“मादामचं घर ना?” तो चाचरत म्हणाला. “त्यांच्या माणसांशी बोलायचं होतं. फार वाईट झालं.”

“काय झालं?”

“तुम्ही कोण?”

मादामनी ओट्याकडे बघितलं. “मी त्यांची बहीण.”

“ऑफिसातून पत्र आलं. थांबा, वाचतो.” कागद खुळखुळला. “एल नू झा किते. त्या आम्हाला सोडून गेल्या. आणि खाली नवीन साहेब लिहितात, त्यांच्या जागी येताना मी अत्यंत उत्तेजित झालो आहे.”

मादामनी डोळे मिटले. गाढव. माणूस नोकरी सोडतो तेव्हा कंपनी सोडतो. ‘आम्हाला सोडून’ जातो तो एकदाच! आणि त्या मयतावर हे उत्तेजित!

खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण आपल्या मागे लोक काय बोलतात, हे जिवंतपणी ऐकायची संधी कुणाला मिळते? त्या बहिणीच्या आवाजात म्हणाल्या, “ताईची पत्रं तुम्हाला आवडायची का हो?”

“पत्रं सुंदर होती.” म्हातारा म्हणाला. “पण तुम्हाला खरं सांगतो, ताईंची मला भीती वाटायची. मी लिहिलेलं आधी मुलीकडून तपासून घ्यायचो, मग पाठवायचो. ती सासरी गेल्यावर तर मी काट्याची दुरुस्तीच मागितली नाही. म्हटलं, परत रेघ येईल. हा नवीन पोरगा बरा वाटतो. माझ्यासारख्याच चुका करतो.”

मादामच्या कानशिलात ऊब चढली. अडाणी! भाषा येत नाही ती नाही, वर चुकांचं कौतुक! वीस वर्षं याची अक्षरं लावली, त्याचं हे फळ.

“मी बहीण नाही,” त्या तोडून म्हणाल्या. “मीच बोलतेय. मी मेलेली नाही. नोकरी सोडलीय.”

पलीकडे कागद पुन्हा खुळखुळला. मग म्हाताऱ्याने हळूच विचारलं, “मग... अभिनंदन म्हणायचं का?”

“म्हणा,” मादाम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बहीण हात पुसत बाहेर आली. “कोण गं, ताई?”

“कुणी नाही. माझ्या मयताला आले होते.”

संध्याकाळच्या आत मालकाचा फोन आला. ढोल पहिल्यांदाच हळू वाजत होता. “बाई, एकदा या. तिकडच्या बंदरावरच्या गोदामवाल्यांनी पुष्पचक्र पाठवलंय.”

ते चक्र मादामच्या जुन्या टेबलावरच ठेवलं होतं. मादामनी दोन बोटांनी ते बाजूला सरकवलं आणि बसल्या. भाचा भिंतीला टेकून उभा होता.

“मला वाटलं, सोडून जाणं म्हणजे सोडून जाणं,” तो पुटपुटला.

“तुझी आजी तुम्हाला सोडून गेली, ती कुठल्या कंपनीत लागली?”

शेपूट दारातच फिस्सकन हसलं आणि मालकाने बघताच गप्प झालं.

मादामनी पर्समधलं पत्र काढून टाइप केलं. सुरुवातीला एवढीच भर घातली, की आमच्या चुकीच्या शब्दांमुळे आपल्याला क्लेश झाले, क्षमस्व. मादाम ठणठणीत आहेत. मग भाच्याची ओळख. ‘उत्तेजित’च्या जागी ‘आपली सेवा करण्यात त्यांना आनंद वाटेल’. पुढे बोटं आपोआप चालली: ‘मनापासून धडपड करणारे आहेत’. फ्रेंचमध्ये ही स्तुती अशा माणसाची करतात, ज्याला दुसरं काही येत नाही. वाक्य नेमकं बसलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

मग खोडलं. दया आली म्हणून नव्हे. गोदामवाल्यांना टोमणा कळला असता. पण गिरणीवाल्याला ती शाबासकीच वाटली असती. मेला तो आनंदाने सासरी मुलीला फोन करून वाचून दाखवायचा. टोमणा झेलायलासुद्धा भाषा यावी लागते.

“फोन कर सगळ्यांना,” उठताना त्या भाच्याला म्हणाल्या. “लिहू नकोस. बोल.”

“चुका होतील, मॅडम.”

“होतीलच.”

मालकाने परत येण्याचं विचारलं. मादामनी त्याच्याकडे पायपुसण्याकडे बघावं तसं बघितलं आणि निघाल्या. पुढे त्यांना एका भाषांतराच्या ऑफिसात काम मिळालं. तिथे माणसांशी बोलावं लागत नाही, फक्त कागद येतात.

काही महिन्यांनी हिशेबनीस रस्त्यात भेटला. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही म्हणाला. उलट गिरणीवाल्याने जुना काटा दुरुस्त करून घेतला आणि एक नवीन मागवला. भाचा आणि तो फोनवर अर्धा अर्धा तास बोलतात. कोण कुठल्या भाषेत बोलतंय ते देवाला ठाऊक, पण हसत असतात.

“मूर्खाला मूर्ख भेटला,” मादाम म्हणाल्या.

“तुमची आठवण काढतात, मादाम.”

“कोण?”

हिशेबनिसाला एकदम नाव सुचेना. मादामनी वाट बघितली नाही. पदर सावरला आणि रस्ता ओलांडला.