सात दहाची बस आणि सातच्या आधीचं कार्ड

सातपूरच्या एका कारखान्यातल्या वाइंडिंग विभागातल्या कामगार बाईला, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेटवरून हाकललं. नोटीस नाही, चौकशी नाही. रॅकमधून तिचं हजेरीचं कार्डच काढून घेतलं होतं. पुढे कामगार न्यायालयात कंपनीनं लेखी म्हणणं दिलं, की बाई स्वतःहून काम सोडून गेली.

हे खोटं पाडायला एकच साक्षीदार मिळाली, तिच्या शेजारच्या मशीनवरची. देवळाली कॅम्पहून एकाच बसनं येणाऱ्या सात जणी. त्यातल्या एकीला कामावरून काढलं, एक बोलायला तयार झाली. बाकीच्या पाच जणी आम्हा युनियनवाल्यांना बघून रस्ता बदलायच्या. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी त्यांना घाबरट म्हणत होतो.

साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र मीच लिहिलं. युनियनची पत्रकं मीच लिहायचो, म्हणून. युनियनच्या वकीलसाहेबांनी त्यांच्या ऑफिसात, साक्षीदारासमोरच, ते वाचलं आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली.

"‘नफेखोरांच्या पायाखाली चिरडलेली’? या कोण?"

"कामावरून काढलेल्या आमच्या बाई."

"हे यांनी डोळ्यांनी पाहिलं का? अरे, हे काय गेटसभेतलं भाषण आहे? कोर्टाला फक्त यांनी काय पाहिलं, काय ऐकलं, एवढंच हवं." मग त्यांनी साक्षीदाराकडे वळून विचारलं, "ताई, गेटवर किती वाजता होतात?"

"बस सात दहाला आली. आम्ही दोघी वॉचमनशी भांडलो. तो म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, हिला आत नाय सोडायचं."

"आणि त्या दिवशी तुमचं कार्ड किती वाजता पंच झालंय?"

त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"सातच्या आधी," त्या शेवटी म्हणाल्या.

कॅम्पची बस नेहमी उशिरा. सात वाजून गेल्यावर कार्ड मारलं की अर्ध्या दिवसाची रजा. म्हणून सातपुरातच राहणारी एक जण आधी पोचून बसनं येणाऱ्या सगळ्यांची कार्डं पंच करायची. कुणाला ते चूक वाटत नव्हतं; टाइमकीपर तोंड फिरवायचा. बाकीच्या गप्प का होत्या, ते मला वकिलांसमोर बसून कळलं. गेटबाहेर होतो म्हणायचं, तर कार्ड दुसऱ्यानं मारलं हे कबूल करायचं. त्यासाठी नोकरीवरून काढता येतं.

मी पटकन म्हणालो, "मग पावणेसात लिहू ना! बस लवकर आली म्हणू."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "यांना शपथेवर खोटं बोलायला लावतोस? एसटीच्या डेपोतून नोंद मागवली की खेळ खलास. मग खरं सांगितलेलंही बुडेल."

"आणि खरं लिहिलं तर?" साक्षीदारानं विचारलं.

"तर कंपनी तुम्हाला खोट्या हजेरीबद्दल चार्जशीट देईल. केस चालू आहे म्हणून तुम्ही वाचाल, असं मी सांगू शकत नाही. कार्ड कुणी मारलं, हेही उलटतपासात विचारतील."

"तिचं नाव मी नाय लिहिणार."

"लिहू नका. पण विचारलं तर खोटं बोलू नका."

त्यांच्या घरात नवरा आजारी, दोन मुली शाळेत. हे मला माहीत होतं. मला वाटलं, आता या उठून जातील. खरं सांगतो, तसं व्हावं असंही वाटलं. माझ्यामुळे आता यांचीही नोकरी जायला नको होती.

त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पत्रकात लय शूर असता. घ्या पेन. लिहा."

मी लिहिलं: "त्या दिवशी माझे कार्ड मी स्वतः पंच केले नव्हते. मी सात वाजून दहा मिनिटांनी गेटबाहेर होते." टायपिस्टनं ते टाइप केलं. त्यांनी नोटरीसमोर सही केली.

दहा दिवसांत चार्जशीट आली. उलटतपास अजून व्हायचा आहे. ती तारीख जवळ येते तशी मला झोप लागत नाही. कंपनीचा वकील कार्ड नाचवणार, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात त्या एकट्या उभ्या असणार.

त्या बसमधल्या पाच जणींनो, आणि कार्डं पंच करणाऱ्या ताई, तुम्ही हे वाचत असाल, तर तारखेच्या आधी वकीलसाहेबांकडे या आणि तुमचं प्रतिज्ञापत्र लिहून द्या. आणि तुम्ही, बाकीचे वाचणारे, तुमच्या गेटवरून कुणाला परत पाठवताना पाहिलं असेल, तर घड्याळातली खरी वेळ लिहा आणि खाली सही करा.