लिंक तुटली तर काय?

कागद कारखान्यात तिला सगळे ‘कंट्रोलबाई’ म्हणत. कंट्रोल सिस्टिमची इंजिनिअर, चाळिशी नुकतीच ओलांडलेली, आवाज खणखणीत. तिचे वडील, आप्पा, त्याच कारखान्यात केबल टाकणाऱ्या टोळीचे मुकादम होते. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक सिग्नल त्यांनी स्वतंत्र तारेने कंट्रोल रूममधल्या सिग्नल वाचणाऱ्या कार्डांपर्यंत आणलेला. आणि आता त्यांचीच लेक त्या केबल उपटायला निघालेली.

नवी योजना सरळ होती. लगद्याची टाकी अंगणापलीकडे. तिथल्या शेडमध्येच सिग्नल गोळा करणारा एक रॅक बसवायचा, आसपासच्या सगळ्या तारा त्यात जोडायच्या आणि तिथून कंट्रोल रूमपर्यंत एकच नेटवर्क केबल न्यायची; तीच लिंक. केबलचे ड्रम वाचले, तारा ठेवायचे ट्रे वाचले, खोदकाम वाचलं.

“माझी एक तार तुटली, तर एक सिग्नल जायचा,” आप्पा जेवताना फणकारले. “तुझी एक तुटली, तर सगळी टाकी आंधळी. आणि म्हणे सुधारणा!”

“आप्पा, तुमचे ट्रे इतके गच्च भरलेत की नवी तार सोडा, उंदीरसुद्धा शिरायला कुरकुरेल. रॅक येणारच.” तिने पोळी मोडली. “पण लिंक तुटल्यावर पंपाने काय करायचं, ते मी ठरवणार.”

ठरवायला मात्र कोणी देईना. ठेकेदाराने रॅकची सेटिंग अशी ठेवली होती की संपर्क तुटला तरी आउटपुट होतं तसंच राहावं. चालू पंप चालूच. प्रोजेक्ट मॅनेजर हुशार माणूस, त्याचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं.

“नेटवर्क क्षणभर अडखळलं की मशीन थांबवायचं का, मॅडम? दर वेळी कागद तुटेल.”

“क्षणभरासाठी वाट बघणारा टायमर ठेवा. त्यानंतरही संपर्क नसेल, तर टाकी भरणारा पंप बंदच पडला पाहिजे. शिवाय टाकीतला वरच्या पातळीचा स्विच पंपाच्या स्टार्टरला थेट जोडा. स्टार्टर शेडमध्येच आहे. त्याला नेटवर्क कशाला विचारायचं?”

“सोमवारी ठेकेदाराकडून हस्तांतर आहे. सही करा, बदल पुढे बघू.”

“मी सही करणार नाही.”

“मग दुसरा कोणी करेल.”

“करू दे की. पण आधी चालू पंपावर लिंक काढून दाखवा. तुम्हाला भीती वाटत असेल, तर मी काढते.”

हस्तांतराआधीची चाचणी साध्या पाण्यावर होती. मॅनेजरबरोबर कारखान्याचे संचालकही टाकीपाशी आले होते. टाकी बरीचशी भरल्यावर ती शेडमध्ये गेली आणि कोणाला न विचारता तिने रॅकची नेटवर्क केबल उपटली. रॅकवर लाल दिवा पेटला, पण तो शेडमधला दिवा कंट्रोल रूममध्ये कसा दिसणार? तिथल्या पडद्यावर पातळी शेवटच्या आकड्यावर गोठून राहिली, अलार्म नाही, काही नाही. ऑपरेटर फोनवर निवांत म्हणाला, “सगळं ठीक आहे, बाई.”

तिकडे पाणी टाकीच्या काठावरून ओसंडलं आणि मॅनेजरच्या पॉलिश केलेल्या बुटांत शिरलं. सगळे दोन पावलं मागे सरले. ती पंपाजवळच्या स्टॉप बटणापाशी उभी होती, पण हात लावत नव्हती.

“बंद करा!” मॅनेजर ओरडला.

“कंट्रोल रूमला सांगा ना,” ती म्हणाली. “त्यांना वाटतंय, सगळं ठीक आहे.” मग तिने बटण दाबलं.

संचालक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “पाण्याऐवजी गरम लगदा असता तर?” हस्तांतर लांबलं. सेटिंग बदलली, स्विच स्टार्टरला थेट जोडला गेला, लिंक तुटल्याचा अलार्म पडद्यावर आला. आणि ‘शिस्तभंग’ म्हणून तिची प्रोजेक्टवरून देखभाल विभागात बदली झाली. तिने माफीनामा लिहून द्यायला साफ नकार दिला.

पावसाळ्याआधी एका फोर्कलिफ्टने अंगणातली ती केबल खरंच चिरडली. टायमर संपला, पंप आपोआप थांबला, अलार्म कर्कश वाजला. कागदाचं उत्पादन काही तास बुडालं. टाकीतून थेंब सांडला नाही, कोणी भाजलं नाही. मॅनेजर धावत देखभाल विभागात आला.

“तुमच्यामुळे मशीन बंद पडलं!”

“हो, माझ्यामुळेच,” ती केबल सोलता सोलता म्हणाली. “आणि आता दुसरी केबल वेगळ्या वाटेने टाकून रिंग करा. म्हणजे एक तुटली तरी दुसरीकडून बोलणं चालू राहील.”

“त्याला मंजुरी नाही.”

“मग मिळेपर्यंत रोज मागेन. कंटाळणार तुम्ही, मी नाही.”

घरी आप्पांना कळलं, तेव्हा त्यांनी एका कागदावर कारखान्याचा नकाशा काढला. मग म्हणाले, “दुसरी केबल बॉयलरच्या भिंतीकडून ने. अंगणातून नको. उद्या मी येऊन वाट दाखवतो, बघू कोण अडवतं ते.”