सुट्टीच्या दिवशी दुखणारं डोकं

ह्यांचं डोकं सुट्टीच्या दिवशी हमखास दुखायचं. आठवडाभर वाळूजच्या कारखान्यात क्रेन चालवणारा माणूस घरी राहिला, की कपाळाला फडकं आवळून भिंतीकडे तोंड करून पडायचा, उलट्या करायचा. माझ्या सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं. "कंपनीत बरा असतोय. घरात हिच्या तोंडानं दुखतंय." माझं तोंड फटकळ आहे, नाकारत नाही. पण बायकोच्या तोंडानं कुणाला उलट्या होतात का?

अर्धशिशी ह्यांना तरुणपणापासूनची, पण आधी ती कधीमधी यायची. पुढं ती वरचेवर यायला लागली. चहानं अर्धशिशी उठते, असं पिशोरच्या एका पाहुण्यानं सांगितलं आणि सासूबाईंनी ह्यांचा चहा बंद केला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या मात्र चालू राहिल्या, उलट वाढल्या. एक शिफ्टला निघताना, एक जेवणाच्या सुट्टीत, कधी आणखी एक. त्या गोळीला आमच्याकडं कुणी औषध म्हणतच नव्हतं. बडीशेपेच्या डबीशेजारी ती पाकिटं पडलेली असायची.

मग एका दुपारी क्रेनला जड लोखंडी साचा लटकत असताना ह्यांच्या डोळ्यांपुढं चमकत्या नागमोडी रेघा आल्या आणि खाली उभा असलेला माणूस अर्धाच दिसायला लागला. ह्यांनी क्रेन जागच्या जागी थांबवली म्हणून तो माणूस वाचला. कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं, मेंदूच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय क्रेनची शिडी चढायची नाही. ह्यांना दुसरं काम येत नव्हतं.

शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी गोळीचं पाकीट मागून घेतलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि ते आमच्यापुढं धरलं. "चहा बंद केलात, आणि चहातलं कॅफीन गोळीतून पाजत बसलात?" गोळीतलं कॅफीन दुखणं थांबवणाऱ्या औषधाचा जोर वाढवतं. कधीमधी घेतली तर गुण येतो. रोज घेतली की डोक्याला तिची सवय लागते, अंमल उतरला की दुखायला लागतं आणि माणूस पुन्हा गोळी घेतो. त्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी उशिरा उठता ना?" ह्यांनी मान हलवली. गोळीची वेळ टळायची, म्हणून दुखायचं. मी सासूबाईंना हे कधी सांगते असं मला झालं होतं. सांगितलं, तर त्यांनी नुसतं नाक मुरडलं.

गोळ्या एकदम बंद. सकाळी ठरल्या वेळी एक कप चहा, त्याहून जास्त नाही. अर्धशिशी येऊ नये म्हणून रोजचं एक औषध, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागणार. "पहिले काही दिवस फार वाईट जातील," बाई म्हणाल्या. "आता मधेच घेतलीत तर सगळं पहिल्यापासून."

तिसऱ्या दिवशी दुपारी मला त्याचा अर्थ कळला. खिडकीला चादर लावलेली, बादली उशाशी. एरवी माझ्याशी चढ्या आवाजात बोलणारा माणूस हात जोडत होता. "एकच दे. अर्धी दे." मी घरातली सगळी पाकिटं फेकून दिली होती, दुकानदारालाही दम भरून आले होते. तरी आतून मी हलले होते. वाटलं, द्यावी एक आणि सुटावं. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. हात पदराच्या गाठीवर.

"आत्याबाई, काय आहे त्यात?"

त्यांनी गाठ आणखी घट्ट धरली. मी गाठ सोडली. तीन गोळ्या. माझा तोल सुटला. "लेकाला क्रेनवरून कायमचा उतरवायचाय का तुम्हाला?"

"त्याच्यासाठी नाय गं," त्या दाराची चौकट धरून खाली बसल्या. "माझ्यासाठी हायेत. माझं बी रोज दुखतंय. त्याच्याच पाकिटातली घेत व्हते. चार वर्सं झाली असतील. तू फेकली, म्हणून ह्या दुसऱ्या दुकानातून आणल्या. लई दुखतंय गं."

मी हातात गोळ्या घेऊन उभी. हे भिंत धरून उठले आणि माझ्यापुढं हात पसरला. डोळे लाल. मी मूठ आवळली. त्यांनी ती एकेक बोट करून उघडली आणि मला अडवता आलं नाही.

ते मोरीकडं गेले. गोळ्या मोरीत टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मग तिथंच भिंतीला टेकून म्हणाले, "आई, ह्या गोळीनंच तुझं बी दुखतंय. उद्या तुला बी त्या डॉक्टरीणबाईंकडं न्यायचं."

 सासूबाई माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "म्हंजे तुझ्या तोंडानं नव्हतं दुखत व्हय त्याचं?"

मला एकदम रडू आलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचं कपाळ दाबायला लागले.