फक्त ऐकणं

निकाल मी अकोल्यात, हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये मोबाइलवर बघितला. जर्मन भाषेची बी-टू परीक्षा. नर्स म्हणून जर्मनीला जायचं तर ती हवीच. वाचणं, लिहिणं, बोलणं पास. ऐकण्यात शंभरपैकी सत्तावन्न. पासला साठ लागतात. म्हणजे एक उत्तर कमी पडलं.

वॉर्डात सलाईन लावताना हात नेहमीसारखा चालत होता, डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. तेल्हाऱ्याहून अब्बूंचा फोन आला. "एका उत्तरानं काय नापास करतेत?" ड्यूटीवर आहे म्हणून मी फोन ठेवला.

दुपारी अमरावतीच्या मॅडमचा मेसेज आला. त्या मला ऑनलाइन शिकवायच्या.

"निकाल पाहिला. रडली असशील तर रड, पण सगळी परीक्षा पुन्हा देऊ नकोस. तीन भाग तुझे झाले आहेत. फक्त ऐकण्याच्या पेपरचा फॉर्म भरायचा. आता व्याकरण बंद. तुला शब्द येतात. एक शब्द सुटला की तू त्याच्यामागे धावतेस, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. म्हणून यापुढे प्रत्येक रेकॉर्डिंग एकदाच. सुटलं तर अंदाजाने खूण कर आणि पुढे जा, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. रविवारी इकडे ये."

मला राग आला. लगेच फोन लावला. "मॅडम, व्याकरण सोडलं तर मी अजून मागं पडन! मले पुस्तकं सांगा, मी पाठ करते."

"काहून? पुस्तकानं तुले ऐकू येणार आहे का?"

रविवारी मी बसने अमरावतीला गेले. मॅडमनी खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. खाली भाजीवाल्याचा भोंगा, गाड्यांचे हॉर्न. त्यातच त्यांनी माझ्या मोबाइलवर जर्मन रेडिओवरची चर्चा लावली. दुसऱ्याच वाक्याला मी अडकले आणि हात आपसूक मोबाइलकडे गेला, रेकॉर्डिंग मागे घ्यायला. त्यांनी तो उचलून स्वतःच्या पदराखाली ठेवला.

"गेलं ते गेलं. आता कोण बोलून राहिलं, ते सांग."

"बाई. तिला पटलेलं नाही."

"मग? समजलं ना!"

पुढचे आठवडे मी चिडचिडत काढले. ऑटोत, मेसच्या रांगेत कानात जर्मन. कधी सगळं कळायचं, कधी नुसता गलका. मॅडमना रोज विचारायचे, "होईल ना?" त्या "ऐक" एवढंच लिहायच्या.

पुण्यात पुन्हा पेपर दिला. तिसऱ्या भागात एक वाक्य निसटलं. अंदाजाने खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर नजर नेली.

त्र्याहत्तर मिळाले.

अब्बूंना सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "म्हंजे आता जाशीन तू."

"व्हिसा यायचा आहे अजून," मी घाईघाईने म्हटलं. त्यांना धीर द्यायला की स्वतःला, ते मला कळलं नाही.