लोहा रस्त्यावरचं चलान

अनंतराव सरांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना धड नखं नाहीत. दरवर्षी नवी बॅच बसली की पहिल्या तासाला सर तो हात वर करून दाखवतात. भूकंपाच्या वेळी ते औशाकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. पहाटे घर खाली आलं, आणि तीन वर्षांच्या पोराला त्यांनी दगडमातीतून नुसत्या हातांनी उकरून काढलं. "या हातांनी पोरगं काढलं दगडाखालून, आणि तुम्हाला साधी सूत्रं पाठ होत न्हाईत?" असं ते विचारतात. पोरं खाली माना घालतात.

मी त्यांच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि त्यांच्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहतो. म्हणजे मीठही त्यांचंच खातो. तरी सांगतो, इतका हुशार आणि इतका कोरडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दगडाखालून काढलेलं ते पोरगं म्हणजे सरांचाच मुलगा, श्रीनाथ. सरांनी खेडं सोडलं, लातुरात क्लास काढला आणि पुढं ट्यूशन एरियात त्यांचं नाव झालं. डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो भिंतीवर मावेनात. श्रीनाथ मात्र मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा बसायला नको म्हणाला. भिंत एवढी फोटोंनी भरलेली आणि मास्तराचाच पोरगा नापास, हे सरांना सोसवेना. त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. तो लोह्याला जाऊन एका शाळेची बस चालवू लागला, तिथंच लग्न केलं. घरात त्याचं नाव काढायची बंदी झाली. त्याची आई, प्रमोदिनीकाकू, ती बंदी पाळायच्या. निदान आम्हाला तसं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात नांदेडला सरांच्या भाचीचं, मुग्धाचं लग्न होतं. सरांनी एका दिवसासाठी स्वतः चालवायची गाडी भाड्यानं घेतली. डिपॉझिट भरलं, लायसन दाखवलं, करारावर सही केली. लातूरहून नांदेडला जायचं तर लोहा वाटेतच लागतं. सर जाताना आणि येताना लोह्यातून गेले आणि दोन्ही वेळा समोर बघत गाडी चालवली. रात्री लातुरात गाडी परत केली, तेव्हा कंपनीच्या माणसानं ती फिरून पाहिली, ओरखडा नाही म्हणाला. डिपॉझिट महिन्याभरानं मिळेल, मधल्या काळात चलान आलं तर त्यातून कापू, एवढं तो बोलला.

चार-पाच आठवड्यांनी डिपॉझिट आलं ते कापूनच. अतिवेगाचा दोन हजार दंड, वर कंपनीचा सेवा आकार. सर भडकले. पैशाचं त्यांना काही नव्हतं. पण आपल्याला कुणी दोषी म्हटलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी चलानचा नंबर मागवून घेतला आणि मला पत्र टाइप करायला बसवलं.

"सदर चलानवर वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटे व ठिकाण सोनखेडजवळ असे आहे. त्या रस्त्याने मी सकाळी व संध्याकाळीच गेलो. दुपारी वाहन नांदेड येथे मंगल कार्यालयाच्या आवारात उभे होते व मी तेथेच विश्रांती घेत होतो. वाहन माझ्याखेरीज कोणीही चालविलेले नाही. सबब कापलेली रक्कम परत करावी, अथवा छायाचित्र दाखवावे."

"ते शेवटचं कशाला, सर?" मी म्हणालो.

"कर नाही त्याला डर कशाला?" सर म्हणाले.

दाराशी चहा घेऊन काकू उभ्या होत्या. "जाऊ द्या ना हो," त्या म्हणाल्या. "दोन हजारासाठी कुठं भांडत बसता."

"तुला यातलं काय कळतं?" सर म्हणाले. चहा खाली ठेवून काकू आत गेल्या.

कंपनीनं बोलावलं तेव्हा सरांनी मला सोबत नेलं, आणि कंपनीवाले चारचौघांसमोर माफी मागतील ते बघायला काकूंनाही. व्यवस्थापक रेवणसिद्ध निलंग्याकडचा, अदबीनं बोलणारा माणूस. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला. "वेग मोजायची गाडी रस्त्यावर उभी करतेत ना पोलीस, तिच्या कॅमेऱ्यातला फोटो हाय, सर. समोरून काढलेला."

नंबर स्पष्ट होता. गाडी नांदेडच्या दिशेनं चाललेली. चालवायला श्रीनाथ, आणि त्याच्या शेजारी, नव्या साडीत, प्रमोदिनीकाकू.

काकूच बोलल्या, आणि सरळ बोलल्या. "मीच नेली गाडी. जेवण करून तुम्ही झोपलात, तेव्हा तुमच्या सदऱ्याच्या खिशातून चावी घेतली आणि श्रीनाथला नांदेडला बोलावून त्याच्या हाती दिली. त्याला मुलगी झालीय. तिला बघायला गेले होते. एसटीनं वेळेत परत येणं झालं नसतं."

"मग वेगानं कशाला?" सरांनी विचारलं.

"तुम्ही उठायच्या आत पोचायचं होतं."

रेवणसिद्धनं घसा खाकरला. "सर, अडचण अशी हाय, करारात ड्रायव्हर तुम्ही एकलेच. दुसऱ्यानं चालवली तर दंड वेगळा लागतो, लई मोठा. तुम्ही लेखी देऊन बसलात का दुसऱ्या कुणी चालवली न्हाई. आता मी काय करू? हां, गाडी कुणी न विचारता नेली असंल, तर ठाण्यात अर्ज द्या आन् पोच आणा. मग हेडऑफिस तुम्हाला धरणार न्हाई." मग काकूंकडं बघून तो हळूच म्हणाला, "नायतर दोन हजारावर मिटवू, सर. फोटो मी बघितलाच न्हाई समजा."

भला माणूस होता. मला वाटलं, संपलं एकदाचं. सरांनी माझ्यापुढं हात केला. "कोरा कागद द्या."

काकू म्हणाल्या, "अहो, पोरगं आहे आपलं." नंतर त्या तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सर नांदेडला जाऊन ठाण्यात अर्ज देऊन आले. त्याची नक्कल मी वाचली आहे. 'श्रीनाथ नावाच्या इसमाने माझ्या पत्नीच्या भोळेपणाचा गैरफायदा घेऊन, माझ्या संमतीशिवाय वाहन नेले. सदर इसमाशी माझा कोणताही संबंध नाही.' अक्षर सुरेख, एक खाडाखोड नाही.

पोलिसांनी श्रीनाथला बोलावून दिवसभर बसवलं, जबाब घेतला आणि सोडलं. आईनं चावी दिली होती हे त्यानं सांगितलं नाही. मीच नेली म्हणाला. गुन्हा काही दाखल झाला नाही. पण शाळेला कळायचं ते कळलंच, आणि ठाण्यात बसून आलेल्या माणसाच्या हाती पोरांची बस कोण देतो? नोकरी गेली. सुनेचा काकूंना फोन आला, तोही एकदाच. पुन्हा येऊ नका, म्हणाली.

कंपनीनं सरांना कापलेली सगळी रक्कम परत केली, सेवा आकारासकट. सोबत दिलगिरीचं पत्रही आलं. ते सरांनी फाइलला लावलं.

जूनमध्ये नवी बॅच बसली. वर्ग घराच्या पुढच्या खोलीत भरतो, मागं स्वयंपाकघर, मधे एक भिंत. माझा तास पुढचा होता म्हणून मी दारात थांबलो होतो. सरांनी हात वर केला, बोटं दाखवली, दगडाखालून पोरगं काढलं. या वर्षी पहिल्या बाकावर किनवटकडची एक धीट पोरगी होती. तिनं विचारलं, "सर, तो मुलगा आता काय करतो?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. सरांनी खडू उचलला.

"तो वाचला नाही," ते म्हणाले.

त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपलीकडं काकू भाकरी थापत होत्या, तो आवाज थांबला. सरांनी फळ्यावर गतीचं पहिलं समीकरण लिहिलं आणि पोरांना उतरवून घ्यायला सांगितलं. अर्धं लिहून होईपर्यंत भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. सरांना बरोबर बाराला जेवायला लागतं.